वाढदिवसाचं स्टेटस आणि वर्गातली पोरं

आलापल्लीसारख्या गावात आईच्या मोबाईलवरचं स्टेटस मुलाच्या वर्गात पोहोचायला वेळ लागत नाही. ते कोणत्या वाटेने पोहोचतं हे वाढदिवसाच्या चार ओळी लिहायच्या आधी नीट समजून घ्यायला हवं. २०२० साली शाळा बंद झाल्या, वर्गांचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघाले, आणि त्या ग्रुपमध्ये मुलांचे म्हणून जे नंबर गेले ते बहुतेक घरांत आईचे किंवा बाबांचे होते. पोरांनी ते नंबर मित्राच्याच नावाने सेव्ह केले. अनेकांच्या मोबाईलमध्ये ते अजून तसेच आहेत. गृहपाठ विचारायला, ग्राउंडवर बोलवायला मित्र त्याच नंबरवर मेसेज टाकतात, म्हणून आईनेही त्या मित्रांचे नंबर सेव्ह करून ठेवलेले असतात. व्हॉट्सअॅपचं स्टेटस दिसण्यासाठी एवढंच लागतं: त्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे. म्हणजे जे स्टेटस माहेरची माणसं आणि शेजारणी बघणार असं आईला वाटत असतं, ते मुलाच्या बेंचवर बसणारे दोघे आधी बघतात. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही ते आपल्या आईच्या मोबाईलवर बघतात. अहेरीच्या शाळेचे सर, नागेपल्लीतल्या मैत्रिणीची आई, डेपोतले काका, किराणा दुकानवाले, सगळे त्याच यादीत.

तेव्हा मोठ्या होत चाललेल्या मुलाच्या वाढदिवसाला स्टेटस लिहिताना पहिला वाचक त्याचा मित्र आहे असं धरूनच लिहायचं. तुमचं मूल ते स्टेटस स्वतःच्या डोळ्यांनी एकदा वाचतं, पण त्याआधी आणि त्यानंतर ते मित्रांच्या डोळ्यांनी वाचत राहतं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली हीच गोष्ट मांडली. या वयातल्या मुलाला आपण सतत कुणाच्या तरी नजरेसमोर आहोत असं वाटतं, आणि समोर प्रेक्षक नसले तरी तो ते मनात उभे करतो. आपल्या स्टेटसच्या बाबतीत तर प्रेक्षक मनातलेही नसतात, त्यांची यादी खाली नावासकट दिसत असते.

हे वय नेमकं कधी सुरू झालं ते घरातच कळतं. पाचवी-सहावीपर्यंत मूल वाढदिवसाला युनिफॉर्मऐवजी रंगीत ड्रेस घालून शाळेत जातं आणि वर्गात चॉकलेटं वाटतं. एके वर्षी ते म्हणतं, या वेळी साधाच ड्रेस घालतो, चॉकलेट नको. त्या वर्षापासून स्टेटसही बदलायला हवं.

मग लिहायचं काय? मी एकच कसोटी सांगेन, कारण बाकीच्या गोष्टी तिच्यातूनच निघतात. मित्रांना तुमच्या मुलाबद्दल जे आधीच माहीत आहे आणि ज्याचा त्यांना आदर आहे, तेवढंच चारचौघांत लिहा. जे फक्त घराला माहीत आहे ते घरातच सांगा. मुलाची लाज बहुतेक वेळा इथूनच निघते की घरात ठेवायची गोष्ट वर्गात गेली. तो अंधाराला घाबरायचा हे घराला माहीत आहे. तो लांबून मारलेली सर्व्हिस बरोब्बर कोपऱ्यात टाकतो हे मित्रांना माहीत आहे. कौतुक दोन्हींत करता येतं, पण पहिल्याने त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत जाणं अवघड होतं आणि दुसऱ्याने सोपं होतं.

या कसोटीला एक मर्यादा आहे. मित्रांना माहीत असलेलं सगळंच लिहिण्यासारखं नसतं. आवाज फुटलाय, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्यात, उंची वाढत नाही, सहामाहीत गणित राहिलं, हे सगळ्या वर्गाला माहीत असतं, म्हणून तर ते लिहायचं नाही. दुसरी बाजू अशी की स्टेटस सरही बघतात. एखादी मुलगी वर्गातल्या निम्म्या मैत्रिणींच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या काढून देते, मैत्रिणींमध्ये तिचा त्यासाठी मोठा मान आहे, आणि आई ते कौतुकाने लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी सर वह्या मागवतात. तेव्हा कसोटी पुरती करून घ्या: मित्रांना माहीत आहे, त्यांना ते आवडतं, आणि सरांनी वाचलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडे हे जमत नाही याला आणखी एक कारण आहे. लिहायला बसलो की आपली भाषा येतच नाही, तीन उसन्या भाषा येतात. पहिली चौकातल्या फ्लेक्सची. चौकात उभं राहिलं की वाढदिवसांच्या फ्लेक्सवर जे शब्द रोज दिसतात तेच बोटांवर येतात: चिरंजीव, लाडकं व्यक्तिमत्त्व, उदंड आयुष्याच्या अनंत शुभेच्छा. चौदा वर्षांच्या पोराला हे शब्द लावले की मित्र त्याला दुसऱ्या दिवशी ‘नेते, नमस्कार’ म्हणतात. दुसरी पाळण्याची भाषा: पिल्लू, सोन्या, छकुली, आईचं काळीज. तिसरी ग्रुपवरून आलेली कविता, जी तुमच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही आणि जी त्याच आठवड्यात आणखी तीन घरांनी टाकलेली असते. मुलांना हे लगेच कळतं. लांबलचक आणि दुसऱ्याचं, यापेक्षा दोन ओळींचं आणि आपलं हे त्यांना जास्त पटतं.

आईबाबांना भरभरून लिहावंसं वाटतं ते मला समजतं. आपल्या पिढीत आणि आधीच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनीच १ जून किंवा १ जुलै अशी लिहून टाकली. खरी तारीख आईला ‘मोहफुलं वेचायच्या दिवसांत’ एवढीच आठवायची. ज्यांचा स्वतःचा वाढदिवस कधी झाला नाही ते लेकराचा मनापासून करतात. ती माया थोडीही कमी करायला मी सांगत नाही. ती कुठे ठेवायची एवढंच ठरवायचं आहे.

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. अशा पद्धतीचं स्टेटस आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहे. मुलगा पंधरा वर्षांचा होतोय, दहावीत आहे, आलापल्लीत राहतो, सायकलने अहेरीच्या शाळेत जातो, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो. आईने आदल्या रात्री असं लिहिलं:

‘आज आमच्या चिन्नूचा १५ वा वाढदिवस! कालपर्यंत माझा पदर धरून चालणारं, अंधाराला घाबरून कुशीत शिरणारं माझं पिल्लू बघता बघता मोठं झालं. सातव्या महिन्यात जन्मलेलं हे बाळ जगेल की नाही असं डॉक्टर म्हणाले होते. आता दहावीला आहे, मोबाईल कमी केला तर ९० टक्के नक्की घेईल. डॉक्टर होऊन आईबाबांचं स्वप्न पूर्ण कर. हॅपी बर्थडे माझा सोन्या, आईचा जीव!’

सोबत चार फोटोंचं कोलाज. त्यातला एक टबात आंघोळ घालतानाचा, एक काजळ-तीट लावलेला, एक पहिल्या वर्गात रडतानाचा, आणि शेवटचा आत्ताचा.

यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द मायेशिवाय आलेला नाही. तरीही ओळ-ओळ घेऊन बघा. चिन्नू हे घरातलं नाव. आपल्या भागात तेलुगू बोलणारी घरं खूप, म्हणून चिन्नू, चिन्नी, बुज्जी. मराठी घरांत बाबू, पिल्लू, छकुली. घरचं नाव वर्गात कळलं की ते तिथेच राहतं, दहावी संपेपर्यंत हजेरीतही मागून कुणीतरी तेच म्हणतं. म्हणून हे नाव सगळ्यात आधी काढायचं. मित्र ज्या नावाने त्याला हाक मारतात तेच लिहायचं.

अंधार आणि पदर या दोन्ही गोष्टी फक्त आईला ठाऊक. लाइट गेली आणि ग्राउंडवर अंधार पडला की कुणीतरी ‘जा रे, आईच्या कुशीत’ म्हणणारच. तेव्हा ते वाक्य गेलं.

सातव्या महिन्याचं वाक्य वेगळं आहे. ही आईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि त्याच्याही आयुष्यातली पहिली. ती काढून टाकायची नाही, ती हलवायची आहे. ती कुठे जाते ते पुढे सांगते. इथे एवढंच, की आजारपण, जन्माच्या वेळचा त्रास, ऑपरेशन, औषधं, यांबद्दल मुलाच्या वतीने गावाला सांगण्याचा हक्क तो मोठा होत जातो तसा त्याच्याकडे जातो.

मोबाईल कमी करण्याचं वाक्य म्हणजे शुभेच्छांच्या आत ठेवलेली तक्रार. वाढदिवसाच्या दिवशी चारशे लोकांसमोर केलेला उपदेश मुलाला रागावण्यासारखाच लागतो. ९० टक्के हे त्याने दिलेलं वचन नाही, ते आईने त्याच्या नावावर केलेलं आहे. निकाल लागला की ते लोकांना आठवतं, कारण गावात निकालाच्या दिवशी कुणाला किती पडले हे विचारलंच जातं. डॉक्टर होण्याचंही तसंच. त्याला काय व्हायचंय हे त्याने अजून कुणाला सांगितलं नसेल, कदाचित त्याला वेगळंच काही व्हायचं असेल. आणि ‘आईचा जीव’ ही ओळ त्याला घरात ऐकायला आवडत असेल, पण वर्गात ती त्याचं टोपणनाव होईल.

हे सगळं काढल्यावर हाती काय उरतं असं आईला वाटेल. उरतो तो मुलगा, जो या वर्षी मित्रांनी पाहिला. त्याच्याबद्दल तिला काय माहीत आहे? पावसाळ्यात रस्ता चिखलाचा असताना त्याने शाळा बुडवली नाही. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये आला. नेट फाटलं तेव्हा पोरांनी वर्गणी काढली आणि हिशोब त्याच्याकडे दिला. हे शेवटचं तर सोन्यासारखं आहे, कारण मित्रांनी पैशाचा हिशोब ज्याच्याकडे दिला त्याच्यावर त्यांचा विश्वास आहे आणि हे त्यांनीच ठरवलेलं आहे. नवं स्टेटस असं होतं. सुरुवातीला मित्र घेतात ते नाव, आणि पुढे:

‘…ला आज १५ वर्षं पूर्ण. भर पावसात सायकलने शाळा, संध्याकाळी व्हॉलीबॉल, आणि नव्या नेटचा पै-पैचा हिशोब. छान गेलं वर्ष. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! आई-बाबा’

चार ओळी झाल्या. ‘अभिमान वाटतो’ हे शब्द यात नाहीत, पण अभिमान दिसतो. मित्र वाचतील तेव्हा मान हलवतील, कारण त्यांना हे सगळं खरं आहे हे माहीत आहे. आणि मुलाला कळेल की आईने हे वर्ष नुसतं बाहेरून पाहिलं नाही. मुलाची तयारी असेल तर शेवटी एक ओळ मित्रांसाठी घालता येते: ‘ग्राउंडवरून सगळे इकडेच या.’ ही ओळ मात्र त्याला विचारूनच. घरी कोण येणार हे या वयात त्याला ठरवायचं असतं.

सगळीच मुलं ग्राउंडवरची नसतात. गप्प राहणारी मुलगी असेल, कुठल्या टीममध्ये नसेल, तर तिच्याबद्दल वर्गाला काय माहीत आहे ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी सोपी वाट म्हणजे तिच्या एका मैत्रिणीला विचारणं. आईला आश्चर्य वाटेल असं उत्तर बरेचदा येतं. समजा शाळेची सहल वनवैभवात गेली होती. आलापल्लीच्या जंगलातला हा जुन्या उंच सागांचा तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे झाडांची नावं सरांच्या आधी ही सांगत होती. आई लिहू शकते: ‘१४ वर्षांची झाली. वनवैभवात ही पुढे, बाकी सगळे मागे, कारण झाडांची नावं तिलाच विचारावी लागतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा!’ हे कौतुक तिच्या दिसण्याबद्दल नाही, तिला येणाऱ्या गोष्टीबद्दल आहे.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे. ‘माझी परी किती सुंदर दिसतेय’, ‘बघता बघता लग्नाला आली’, ‘एक दिवस परक्या घरी जाणार’ या ओळी तेरा-चौदाव्या वर्षी मुलीला फार नकोशा होतात. वर्गातली मुलं त्या वाचतात आणि तिच्याकडे त्या नजरेने बघतात, हे तिला कळतं आणि सांगता येत नाही. आपल्या भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत मुलगी वयात आल्यावर समारंभ करण्याची रीत आहे. साडी, फुलं, फोटो सगळं असतं, आणि ते फोटो खरंच देखणे येतात म्हणून पुढच्या वाढदिवसाला तेच टाकले जातात. त्या फोटोचा अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला कळतो. तिने स्वतः निवडल्याशिवाय तो फोटो टाकू नका. तिच्या मैत्रिणी तेलुगूतच बोलत असतील तर शेवटी ‘पुट्टिनरोजु शुभाकांक्षलु’ ही ओळ मात्र खुशाल घाला, ती सगळ्यांना आपली वाटते.

शब्दांपेक्षा फोटोच जास्त फिरतो. आता व्हॉट्सअॅपवर कुठल्याही फोटोतून चेहरा कापून दोन मिनिटांत स्टिकर करता येतो, आणि वर्गाच्या ग्रुपवर तो वर्षभर प्रत्येक गोष्टीचं उत्तर म्हणून येत राहतो. रडका चेहरा, उघडं तोंड, झोपेतला फोटो, घास तोंडात असतानाचा फोटो, केक फासलेला चेहरा, हे स्टिकर व्हायला सगळ्यात सोयीचे. आंघोळीचे आणि कपड्यांशिवायचे लहानपणचे फोटो तर कुठल्याच वयात, कुठेच टाकायचे नाहीत; ते लाजेच्याही पलीकडचं आहे, कारण असा फोटो कुणाच्या हातात जाईल यावर आपला ताबा नसतो. या वर्षीचा, मुलाने स्वतः काढलेला किंवा त्याच्या मित्राने काढलेला फोटो बहुतेक वेळा चालतो. मित्रांसोबतचा असेल तर त्या मित्रांनाही विचारलेलं बरं. आणि एकच फोटो. कोलाजमध्ये नको असलेला एक तरी घुसतोच.

विचारायचं कसं, यात बऱ्याच घरांचं चुकतं. वाढदिवसाच्या सकाळी ‘स्टेटस टाकू का?’ असं विचारलं तर दोनच उत्तरं येतात: ‘टाक ना’, ज्याचा अर्थ काहीही असू शकतो, किंवा ‘नको ना व आई’, ज्यावर आई हिरमुसते आणि मग दोघांचाही दिवस बिघडतो. २०१६ साली अमेरिकेत २४९ घरांत पालकांना आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना घरातल्या मोबाईलच्या नियमांबद्दल विचारलं गेलं होतं. आमच्याबद्दल न विचारता काही टाकू नका, हा नियम पालकांपेक्षा मुलांनीच जास्त मागितला. म्हणजे मुलांना विचारलं जाणं हवंच असतं. ते दोन-तीन दिवस आधी, दुसरं काहीतरी चालू असताना करावं. लिहिलेलं आणि निवडलेले तीन फोटो त्याच्या हातात द्यावेत आणि म्हणावं, ‘यातला कोणता? नको ते खोडून टाक. काहीच नको असेल तरी चालेल.’ मग मोबाईल त्याच्याकडे ठेवून स्वयंपाकघरात जावं. समोर बसून चेहरा बघत राहिलं की त्याला खोडता येत नाही. त्याने तुमची सगळ्यात आवडती ओळ खोडली तर ती का खोडली हे विचारू नका. खोडली हेच उत्तर आहे. ‘काहीच नको’ म्हणाला तर त्या वर्षी स्टेटस नाही. औक्षण आहे, आवडीची भाजी आहे, केक आहे, वाढदिवस होतोच.

टाकायची वेळही बघा. व्हॉट्सअॅपचं स्टेटस चोवीस तास राहतं. रात्री बाराला टाकलं तर सकाळी शाळेत जायच्या आधी पोरांनी बघितलेलं असतं आणि सबंध दिवस तो त्यांच्यासमोर असतो. संध्याकाळी, मित्रांनी त्याला स्वतःहून शुभेच्छा दिल्यानंतर टाकलं तर तुमचं स्टेटस त्यांच्या मागून येतं, पुढून नाही, आणि हे मुलांना फार बरं वाटतं. मुलाला वर्गातल्यांनी बघू नये असं वाटत असेल पण आजोळी सगळ्यांनी बघावं असं तुम्हाला वाटत असेल, तर स्टेटसच्या प्रायव्हसीत `My contacts except...` निवडून मित्रांची नावं वगळता येतात, किंवा `Only share with...` निवडून फक्त घरच्या माणसांना दाखवता येतं. हा बदल स्टेटस टाकण्याच्या आधी करायचा. आधी टाकलेल्याला तो लागू होत नाही. आणि मित्राला वगळलं तरी त्याची आई यादीत राहिली असेल तर काही उपयोग नाही, तिचा मोबाईल त्याच्याच हातात असतो.

फेसबुकवर टाकणार असाल तर मुलाला टॅग करू नका. टॅग केलं की तुमची पोस्ट त्याच्या मित्रांपर्यंत त्याच्या नावाने जाते. तिथे खाली नातेवाईक लिहितात तेही सगळ्यांना दिसतं. ‘एवढासा होता, चड्डीत पळायचा’ असं मावशीने प्रेमाने लिहिलं की तुमची सगळी काळजी वाया जाते. अशी कमेंट गुपचूप काढून टाकावी आणि मावशीला फोन करून सांगावं. ती समजून घेते. जन्मसाल, पूर्ण नाव, शाळा आणि वर्ग, हे सगळं एकाच ठिकाणी लिहायचं नाही. ओळखीच्यांना ते माहीतच असतं आणि अनोळख्यांना कळायचं कारण नाही.

घोटच्या नवोदय विद्यालयात किंवा नागपूरला शिकणाऱ्या मुलांचं थोडं वेगळं. ते घरी नसतात, म्हणून आईबाबा न विचारता टाकतात, ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणून. त्याला सुट्टीत घरी आल्यावर गावातला मित्रच सांगतो. फोनवर बोलणं होतं तेव्हा वाढदिवसाच्या आधीच्या फोनमध्ये चार ओळी वाचून दाखवाव्यात. वाचून दाखवताना तुमचा आवाज जिथे अडखळेल ती ओळ बहुधा घरची असते.

आता सातव्या महिन्याची गोष्ट. ती कागदावर लिहा. एक साधं पान, हाताने, वाढदिवसाच्या सकाळी उशीजवळ किंवा दप्तरात नाही, हातात द्यायचं. दप्तरातलं पान वर्गात उघडलं जाऊ शकतं. त्यात सगळं लिहा: दवाखाना कुठला होता, किती दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं, बाबा बाहेर कुठे बसून होते, कुणी पैसे दिले, पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा किती हलका लागला. घरचं नावही इथे लिहा, चिन्नू म्हणूनच. डॉक्टर झालास तर आवडेल हेही इथे म्हणता येतं, आणि नाही झालास तरी चालेल हे त्याच्या खालच्या ओळीत. पान संपेल पण स्टेटसमध्ये न मावलेलं काहीच राहणार नाही. लिहायची सवय नसेल तर जेवणं झाल्यावर अंगणात बसून सांगा. पंधराव्या वर्षी मूल हे ऐकायला तयार असतं. फक्त ऐकणारं तेवढं एकटंच असावं लागतं.

एवढं करूनही चुकू शकतं. ते ओळखायची चिन्हं साधी आहेत. संध्याकाळी ग्राउंडवर गेला नाही. केक कापायची घाई केली आणि मोबाईल मागितला. तुमचा मोबाईल हातात घेऊन कुणी कुणी बघितलं ती यादी चाळत बसला. बाहेरून कुणीतरी एका वेगळ्याच नावाने हाक मारली आणि तो आत गेला. अशा वेळी त्याच्या सांगण्याची वाट न बघता स्टेटस डिलीट करा. डिलीट केलं की ते ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांना दिसत नाही आणि बघणाऱ्यांच्याही मोबाईलवरून जातं. स्क्रीनशॉट काढलेला असेल तर तो मात्र राहतो, आणि कुणी काढला हे व्हॉट्सअॅप सांगत नाही. मग मुलाला एवढंच सांगा: ‘काढून टाकलं. पुढच्या वेळी तुला दाखवून टाकीन.’ त्यापुढे कोण हसलं, काय म्हणालं ही चौकशी नको, आणि त्या मित्राच्या आईला फोन तर मुळीच नको. तो फोन दुसऱ्या दिवशी वर्गात पोहोचतो आणि साध्या चिडवण्याचं भांडण होतं. चिडवणं बहुधा आठवडाभरात विरतं. विरलं नाही, स्टिकर फिरतच राहिला, त्यात मुलाच्या शरीरावरून किंवा घराच्या परिस्थितीवरून, जातीवरून काही असलं, किंवा तो शाळेत जाणं टाळू लागला, तर मात्र वर्गशिक्षकांना भेटायचं. फोनवर नाही, शाळा सुटल्यावर, आणि मुलाला सांगून.

पुढच्या वर्षीसाठी एक छोटी तयारी आजपासूनच करता येते. मोबाईलच्या नोट्समध्ये किंवा कॅलेंडरच्या मागच्या पानावर, वर्षभरात मित्रांसमोर त्याने काही चांगलं केलेलं कानावर आलं की एक ओळ लिहून ठेवा, महिन्यासकट. पोळ्याला कुणाचा बैल सावरला, स्नेहसंमेलनात पडद्यामागे कोणतं काम केलं, कुणाला सायकलवरून डबलसीट घरी सोडलं. वाढदिवसाच्या आठवड्यात ती यादी काढायची आणि त्यातल्या दोनच ओळी घ्यायच्या. कोणत्या दोन, ते त्यालाच विचारा.